चंदेरी केसांची नवी कटिंग

३१ मे या दिवशी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागते. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्या समारंभांचे फोटो नीट पाहिले, तर शाल-श्रीफळाच्या वर बऱ्याच वेळा एकच डोकं दिसतं. समारंभासाठी मुद्दाम केलेला काळाभोर कलप, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत शिरलेली मोकळी जागा, एका बाजूला कंगव्याने काढलेला सरळ भांग आणि कानांवर भरगच्च फुगलेले केस. ही कटिंग त्या माणसाने नोकरीला लागताना ठरवलेली असते. तेव्हा ती त्याला शोभत होती, कारण तेव्हा माथ्यावर आणि बाजूंना केस सारखेच दाट होते.

जून-जुलैत तो सलूनमध्ये जातो, खुर्चीत बसतो, चष्मा काढून ठेवतो आणि म्हणतो, ‘नेहमीसारखे.’ कारागीरही तसेच कापतो. हे ‘नेहमीसारखे’ बदलायला निवृत्ती ही उत्तम वेळ आहे. रोज दहा वाजता कुणासमोर उभं राहायचं नसल्यामुळे कलप उतरण्याचा मधला ओबडधोबड काळ घरच्या घरी निघून जातो. पण बदल म्हणजे काय, हे कारागिराला सांगता यायला हवं. ते सांगण्यासाठी आपल्या डोक्यावर नेमकं काय झालं आहे, ते आधी समजून घ्यावं लागतं.

पुरुषांचे केस वयाबरोबर विरळ होतात, ते डोक्यावर सगळीकडे सारखे होत नाहीत. कपाळाचे कोपरे, माथा आणि मागचा भोवरा या भागातली केसांची मुळं शरीरातल्या डीएचटी नावाच्या संप्रेरकाला संवेदनशील असतात. त्याच्या परिणामाने तिथल्या केसांचा वाढीचा काळ आखूड होत जातो आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. म्हणजे तिथे केस नाहीसे होण्याच्या कितीतरी आधी ते पातळ झालेले असतात. कानांच्या वरचा आणि मानेवरचा पट्टा मात्र या संप्रेरकाला फारशी दाद देत नाही. तिथले केस सत्तरीतही जाड आणि दाट राहू शकतात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो पट्टा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

त्यात रंग जातो. केसाला रंग देणाऱ्या पेशी मुळाशी काम थांबवतात आणि केस रंगद्रव्याविना वाढतो. असे केस बरेचदा थोडे राठ लागतात आणि कंगव्याने बसवले तरी उठतात. टाळूतून येणारं नैसर्गिक तेलही वयाबरोबर कमी झालेलं असतं, त्यामुळे ते कोरडे दिसतात. बाजूचे जाड पांढरे केस वाढले की खाली न पडता बाहेरच्या बाजूला फुगतात, ते याच राठपणामुळे.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. माथ्यावर बारीक, मऊ, विरळ केस आणि बाजूंना जाड, राठ, फुगणारे केस. पाहणाऱ्याची नजर माथ्यावरचे केस मोजत नाही, ती बाजूंशी तुलना करते. बाजू जितक्या भरगच्च, तितका माथा उजाड दिसतो. म्हणून या डोक्यावरचं खरं काम बाजूंना आहे. माथ्यावर काय करावं याची चिंता करणारा माणूस कारागिराला सांगतो, ‘वरून फार घेऊ नको, बाजूने जरा कमी कर.’ या वाक्यातल्या ‘जरा’ने सगळं बिघडतं. बाजूने चांगलेच कमी करायचे आणि वरूनही घ्यायचे, फक्त वरचे बाजूंपेक्षा लांब राहिले पाहिजेत.

वरचे केस लांब ठेवावेसे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. जे थोडे उरलेत ते का कापायचे? पण बारीक केस लांब झाला की आपल्याच वजनाने आडवा होतो, शेजारच्या केसाला चिकटतो आणि त्यांच्या बटा तयार होतात. दोन बटांमध्ये टाळूची रेघ उघडी पडते. तोच केस अडीच-तीन सेंटिमीटरवर कापला, तर तो थोडा उभा राहतो, शेजाऱ्यापासून सुटा राहतो आणि टाळूवर सावली धरतो. आपल्याकडच्या दमट हवेत हा फरक अधिकच जाणवतो. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात घामाने ओले झालेले लांब विरळ केस दुपारपर्यंत टाळूला चिकटून बसतात.

लांब केसांनी टक्कल झाकण्याचा मोह किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे, याचा एक पुरावा अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात आहे. फ्लोरिडातल्या फ्रँक आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांना १९७७ साली डोक्याच्या तीन बाजूंचे केस वाढवून, ते एकावर एक दुमडून टक्कल झाकण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पद्धत खरोखर विचारपूर्वक बसवलेली आहे. पण तिचा पाया असा की केस जागेवरून हलता कामा नयेत. स्कूटरवरून जाणाऱ्या, पंख्याखाली बसणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या माणसाला ते जमणं शक्य नाही. शिवाय भांग जसजसा कानाकडे सरकतो, तसतसं झाकलेल्या जागेपेक्षा झाकण्याची धडपडच आधी दिसते. शालीनता हवी असेल तर डोक्याचा मूळ आकार मोकळेपणाने दिसू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझे थोरले बंधू पाटबंधारे खात्यातून अशाच एका ३१ मेला निवृत्त झाले. कपाळाचे कोपरे खोलवर मागे गेलेले, मधे पुढे एक पातळ झुपका शिल्लक, भोवऱ्याभोवती टाळू दिसू लागलेली आणि बाजू दाट. रंग म्हणाल तर कलपाखाली सगळं रुपेरी. आमच्या पेठेतल्या सलूनचा कारागीर चाळिशीचा आहे. त्याच्या वडिलांनी दादांचे केस बरीच वर्षं कापले. त्याने दादांच्या डोक्यावर जे केलं, ते मी शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं. पुढे ते सविस्तर सांगतो, कारण या प्रकारच्या डोक्यासाठी तो नमुना जवळजवळ जसाच्या तसा चालतो.

पहिला प्रश्न कलपाचा होता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दादांनी शेवटचा कलप मेच्या मध्यावर समारंभासाठी लावला होता. त्या हिशेबाने जूनच्या मध्याला मुळाशी एक सेंटिमीटर पांढरं आणि वर काळं, असा पट्टा दिसू लागला. भांगात तर तो फार वाईट दिसतो. काळ्या केसांच्या मुळाशी पांढरी रेघ आली की दुरून ती टाळूच वाटते आणि भांग प्रत्यक्षापेक्षा दुप्पट रुंद भासतो. कलप लावणाऱ्या विरळ केसांच्या माणसाला हा त्रास दर महिन्याला होतो. दादा म्हणाले, ‘एकदम सगळं पांढरं करून टाक.’ त्यावर कारागिराने सांगितलं, ‘साहेब, एकदम केलं तर वर काहीच राहणार नाही. आज बाजू करू, वरचं पुढच्या दोन वेळेला काढू.’

त्याचं गणित साधं होतं. बाजूंचे केस आखूडच ठेवायचे होते, त्यामुळे एका महिन्याच्या वाढीत त्या जवळजवळ पूर्ण चंदेरी झाल्या. वरचे केस त्या दिवशी त्याने चार सेंटिमीटरपर्यंत आणले आणि काळं राहू दिलं. जुलैअखेरीस अडीच सेंटिमीटर नवी वाढ आली होती. तेव्हा कात्रीने बहुतेक काळा भाग निघून गेला. टोकांना उरलेली धूसर तपकिरी छटा सप्टेंबरच्या सुरुवातीच्या कटिंगमध्ये संपली. ज्यांनी मेंदी लावली आहे त्यांनाही हाच रस्ता, कारण मेंदीचा नारिंगी रंग धुऊन जात नाही, तो कापावाच लागतो. मधल्या काळात टोपी घालावी, पण ‘एकदाच हलका कलप’ लावू नये. लावला की सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता प्रत्यक्ष कटिंग. सुरुवातीला त्याने पाण्याचा फवारा उचललाच नाही. कोरड्या केसांत बोटं फिरवून केस कुठे कसे उगवतात, भोवरा कुठल्या दिशेने फिरतो, हे पाहिलं. विरळ केस ओले केले की एकमेकांना चिकटतात आणि आहेत त्याहून कमी दिसतात. शिवाय ओला केस ताणला जातो. तो ओला असताना तीन सेंटिमीटरवर कापला, तर वाळल्यावर उठून आखूड होतो. भोवऱ्यावर हा फरक सर्वांत जास्त. त्यामुळे त्याने केस नुसते दमट केले आणि शेवटचा हात कोरड्या केसांवर मारला.

बाजूंना त्याने मशीन घेतलं, पण त्यावर प्लास्टिकचा कंगवा चढवून. या कंगव्यांचे नंबर सलूनमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतात, मात्र त्यांची लांबी गिऱ्हाइकाला क्वचितच ठाऊक असते. एक नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहा आणि चार म्हणजे तेरा. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. दादांच्या कानांच्या वर आणि मागे त्याने आधी चार नंबर फिरवला. मग कानाच्या कडेपासून वर दोन बोटं आणि मानेच्या खालच्या भागावर तीन नंबर. त्याच्याही खाली त्याने मशीन लावलं नाही. कात्री आणि कंगव्याने तिथले केस हळूहळू कातडीत विरत नेले.

तरुणांमध्ये सध्या बाजू थेट कातडीपर्यंत उतरवायची पद्धत आहे, तिला फेड म्हणतात. काही कारागीर निवृत्त माणसालाही ‘काका, मस्त फ्रेश दिसाल’ म्हणत तीच करून देतात. काळ्या केसांवर ती चालते, कारण एक मिलिमीटर काळा केसही कातडीवर दिसतो. पांढरा केस एवढा आखूड केला की गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो दिसतच नाही. बाजू टक्कल पडल्यासारख्या उघड्या होतात आणि वरचे केस टोपी ठेवल्यासारखे वेगळे पडतात. बरेच वेळा माणूस आजारातून उठल्यासारखा वाटतो. तीन नंबरच्या खाली न उतरण्याचं कारण हे. केसांचा चंदेरीपणा दिसायला केसाला थोडी लांबी लागते.

यानंतरची जागा सर्वांत अवघड. डोकं बाजूने वर जाताना जिथे माथ्याकडे वळतं, ती कड. दाट पट्टा तिथेच संपतो आणि विरळ माथा सुरू होतो. मशीन त्या कडेपर्यंत सरळ वर नेलं तर तिथे पायरी पडते, खाली आखूड आणि वर एकदम लांब. उलट त्या कडेवरचे केस तसेच सोडले तर ते बाहेर येतात आणि समोरून डोकं छत्रीसारखं दिसतं. फार घेतले तर डोकं निमुळतं होतं. कारागिराने मशीन कडेच्या एक इंच खालीच थांबवलं आणि पुढचं सगळं काम कंगव्यावर कात्री चालवून केलं. कंगवा वर नेताना तो थोडा बाहेरच्या बाजूला कलता ठेवायचा, म्हणजे वर जाताना लांबी आपोआप वाढत जाते. या एका पट्ट्याला त्याने बाकीच्या सगळ्या डोक्याइतका वेळ दिला. कारागीर किती कसलेला आहे हे पाहायचं असेल तर ही जागा पाहावी. जो इथे घाई करतो, त्याच्याकडे विरळ केस देऊ नयेत.

वरचे केस त्याने बोटांमध्ये धरून कापले. मागच्या बाजूला तीन सेंटिमीटर, पुढे कपाळाकडे साडेतीनच्या आसपास. आरशासमोर दातेरी कात्रीही होती, केस कमी करायची. तिला त्याने हात लावला नाही. दाट केस हलके करायला ती कात्री चांगली, पण विरळ माथ्यावर ती चालवली की मुळातच कमी असलेल्यांतले आणखी केस अर्ध्यावर तुटतात आणि वरून टाळू आरपार दिसू लागते. कारागिराने सवयीने ती उचलली, तर ‘वर ती नको’ असं तिथल्या तिथे सांगावं. केसांची टोकं त्याने अगदी सरळ रेषेत न ठेवता कात्री उभी धरून किंचित खालीवर केली. त्यामुळे केस सुटे पडतात आणि कापलेली कड डोळ्यांत भरत नाही.

भोवऱ्यावर त्याने केस ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने विंचरले आणि अगदी थोडे कापले. इथे केस फार आखूड झाले तर सरळ उभे राहतात आणि मधली मोकळी जागा ठळक होते. फार लांब ठेवले तर फाकतात, तरी जागा दिसतेच. मधली लांबी प्रत्येक डोक्याची वेगळी असते. ती पहिल्याच वेळी नक्की सापडेल असं नाही, म्हणून भोवऱ्यावर पहिल्यांदा थोडे जास्तच ठेवलेले बरे.

मग भांग. दादांनी आयुष्यभर डाव्या बाजूला कंगव्याच्या टोकाने सरळ भांग काढला होता. कारागिराने तो काढलाच नाही. विरळ केसांत ओढलेला भांग म्हणजे टाळूचा उघडा केलेला पट्टा, आणि तो दरवर्षी रुंदावत जातो. केस सरळ मागे फिरवले तरी नुकसान, कारण कपाळाचे दोन्ही कोपरे पूर्ण उघडे पडतात. त्याने पुढचे केस बोटांनी थोडे पुढे आणि थोडे उजवीकडे वळवले, कपाळावर न सोडता. केस कोणत्या बाजूला जातात हे कळत होतं, पण रेघ कुठेच नव्हती. दादांच्या सवयीची बाजू तीच राहिल्यामुळे त्यांना आरशातला माणूस परका वाटला नाही. माझ्या मते हा त्याच्या कामातला सगळ्यात समंजस भाग होता. ताजेपणा आणायचा म्हणून माणसाची ओळख पुसून टाकायची गरज नसते.

राहिल्या कडा. कल्ले त्याने कानाच्या मध्यापर्यंत ठेवले. त्याखाली गेलेले पांढरे कल्ले गालांवर ओघळल्यासारखे दिसतात, फार वर उडवले तर चेहऱ्याची चौकट जाते. दोन्ही बाजूंची पातळी त्याने समोरून बोटं टेकवून पाहिली. कान बहुतेकांचे सारख्या उंचीवर नसतात, त्यामुळे कानावरून मोजलं तर कल्ले खालीवर होतात. मग त्याने दादांना चष्मा घालायला लावला. चष्म्याची दांडी कानावर बसली की तिच्याखालचे राठ केस बाहेर उठतात, आणि ते चष्मा काढलेल्या माणसाच्या डोक्यावर कधीच दिसत नाहीत. तेवढे त्याने कात्रीने टिपले. चष्म्याची आणखी एक गोष्ट सगळ्यांच्याच उपयोगाची आहे. खुर्चीत बसलेल्या साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय आरशात फारसं दिसतच नाही. म्हणून जे सांगायचं ते चष्मा काढण्याआधी सांगावं, आणि अर्ध्यावर एकदा तो मागून घेऊन बघावं.

मानेवर चौकोनी रेघ काढायची आपल्याकडे सवय आहे. पहिल्या दिवशी ती ठाकठीक दिसते, आठवड्याभरात तिच्याखाली पांढरी लव उगवते आणि मान अस्वच्छ वाटू लागते. केस खाली विरत गेलेले असतील तर तीन आठवडे तरी कळत नाही. कडा साफ करताना वस्तऱ्यात नवं ब्लेड आपल्यासमोर बसवून घ्यावं. त्यात कुणाला संकोच वाटायला नको, कारण रक्तातून पसरणारी कावीळ वापरलेल्या ब्लेडमधून येऊ शकते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते कारागिराला सांगावं आणि मानेवर, विशेषतः तीळ-चामखीळ असेल तिथे, वस्तऱ्याऐवजी मशीनच वापरायला लावावं. बारीक कापलं तरी तुरटीने रक्त लवकर थांबत नाही. आणि शेवटी डोक्याला झटका देऊन मान मोडण्याचा जो प्रकार असतो, तो या वयात ठामपणे नाकारावा. मानेला असा झटका बसल्याने रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

भुवयांतले लांब झालेले राठ केस त्याने कंगव्यावर धरून कापले, कानांवरचे आणि नाकातले टोकाशी छाटले. उपटले काहीच नाहीत. वयाबरोबर ही जागा केसाळ होत जाते, आणि कटिंग कितीही चांगली असली तरी कानातून डोकावणारा केस आधी दिसतो. मग मिशी. दादांची मिशी अजून काळी होती, कारण तिला घरीच कलप लागत होता. चंदेरी डोक्याखाली काळी मिशी वेगळी चिकटवल्यासारखी दिसते. डोक्याचा कलप सोडायचा तर मिशीचाही त्याच दिवशी सोडावा, तिची वाढ तर महिन्या-दीड महिन्यात पांढरी होते. कलपाबद्दल इथेच सांगून टाकतो. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि वर्षानुवर्षं वापरल्यावरही त्याची ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. लावल्यानंतर दोन-एक दिवसांत कानांच्या मागे, केसांच्या कडेला खाज आली किंवा पापण्या सुजल्या, तर तो इशारा समजून कलप कायमचा बंद करावा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

कटिंग जमली की नाही, हे सलूनच्या आरशात ठरवू नये. तिथला दिवा डोक्यावरून प्रकाश टाकतो आणि वरून आलेल्या प्रकाशात विरळ माथा नेहमीच जास्त विरळ दिसतो. घरी येऊन केस धुऊन वाळू द्यावेत आणि खिडकीशी उभं राहून, हातातला छोटा आरसा मागे धरून पाहावं. समोरून पाहताना कानांच्या वरची रुंदी गालांच्या हाडांपेक्षा जास्त दिसली, तर बाजू कमी झालेल्या नाहीत. बाजूने पाहताना डोक्याच्या वळणावर आडवी रेघ दिसली, तर पायरी राहिली आहे. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशी जाऊन पाच मिनिटांत दुरुस्त करून घेता येतात. बाजू गरजेपेक्षा आखूड झाल्या असतील तर मात्र दोन-तीन आठवडे थांबण्याशिवाय इलाज नाही.

पुढची निगा फार नाही, पण तिच्यात एक सवय मोडावी लागते. सकाळी आंघोळीनंतर खोबरेल तेल चोपडून केस बसवायची सवय या कटिंगला मारक आहे. तेलाने बारीक केस एकत्र येतात, पुन्हा बटा आणि पुन्हा मधली टाळू. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून त्याची झीज कमी करतं, हे भारतीय संशोधकांनी दाखवलेलं आहे, त्यामुळे तेल सोडायचं कारण नाही. ते रात्री लावावं आणि सकाळी सौम्य शाम्पूने धुवावं. मात्र तेल रंगीत नको. हिरवट-तपकिरी तेलांनी पांढरे केस पिवळट होतात, आणि ऊन, धूर व बोअरचं जड पाणी यांनीही होतात. हा पिवळेपणा घालवायला जांभळा शाम्पू मिळतो. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, एवढंच त्याचं शास्त्र. आठवड्या-दहा दिवसांतून एकदा, दोन मिनिटांसाठी पुरे. जास्त वेळ ठेवला तर केसांवर फिकट जांभळी झाक बसते. आणि दुपारी बाहेर पडताना टोपी हवीच, कारण विरळ केसांखालची टाळू वर्षानुवर्षं ऊन खात असते. तिथे खवले धरणारा किंवा बरा न होणारा डाग दिसला तर तो डॉक्टरांना दाखवावा. असा डाग कधी कधी आधी केस कापणाऱ्यालाच दिसतो.

ही कटिंग सगळ्यांसाठी नाही. माथ्यावर पुढचा झुपकाही उरला नसेल, नुसती लव असेल, तर तीन सेंटिमीटर ठेवण्यात अर्थ नाही. अशा डोक्याला वर दोन नंबर आणि बाजूंनाही दोन नंबर, म्हणजे सगळीकडे सहा मिलिमीटर, सर्वांत शोभून दिसतं. बाजूंचा दाटपणा आणि वरची लव यांतला फरक एवढ्या लांबीवर जवळजवळ बुजतो. पण हा निर्णय घाईने घेऊ नये. आधी महिनाभर वर चार आणि बाजूंना तीन नंबर करून पाहावं, मग खाली उतरावं. आणि केस हळूहळू विरळ न होता दोन-तीन महिन्यांत अचानक झडले असतील, किंवा गोल चट्टे पडले असतील, तर कारागिराच्या आधी डॉक्टर गाठावा. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया यांच्यानंतर केस असे अचानक झडू शकतात आणि बहुतेक वेळा ते परत येतात. अशा वेळी डोकं आखूड करून टाकण्याची गरजच नसते.

दादा आता दर चार आठवड्यांनी जातात. पूर्वी दीड-दोन महिन्यांनी जायचे. आखूड कटिंगला हा वाढीव फेरा मान्य करावाच लागतो, कारण बाजूंचे राठ केस एक सेंटिमीटर वाढले की पुन्हा फुगायला लागतात. एकाआड एक फेरीत फक्त बाजू आणि मान करून घेतली तरी चालतं, वरचे केस दोन महिने तग धरतात. नव्या गावी, मुलाकडे पुण्याला किंवा ठाण्याला राहायला गेलं की कारागीर बदलतो. त्याला सांगायला दादांनी चार गोष्टी पाठ केल्या आहेत. बाजूंना वर चार आणि खाली तीन नंबर, वळणावर मशीन नको, कात्री. वर तीन सेंटिमीटर, दातेरी कात्री लावायची नाही. भांग काढायचा नाही, मानेवर रेघ नको. आणि चांगली कटिंग झालेल्या दिवशी पुढून, बाजूने आणि मागून काढलेले तीन फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, ते चष्मा काढण्याआधी दाखवतात.